राउटर बदलला आणि स्पीकरचा दिवा लुकलुकतच राहिला? आधी जुनं नाव परत आणा

नेटवाला येतो, जुना डबा काढतो, नवा भिंतीला टांगतो, तुमच्या मोबाइलवर वेग मोजून दाखवतो, सही घेतो आणि निघून जातो. फोन लगेच चालू होतो, कारण नवा पासवर्ड त्यानेच टाकून दिलेला असतो. टीव्हीचंही रिमोटने कसंबसं जमतं. राहतो तो कपाटावरचा स्मार्ट स्पीकर. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. त्याच्या कडेची नारिंगी रेघ गोल गोल फिरत राहते आणि हाक मारली तर ‘आत्ता अडचण येत आहे’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटून तो गप्प होतो.

यानंतर बहुतेक घरांत एकच निष्कर्ष निघतो: स्पीकर गेला. विशेषतः राउटर विजेने जळाला असेल तर. भंडारा जिल्ह्यात मे-जूनच्या वळवाच्या पावसात विजा पडतात, लाइट जाते-येते आणि सकाळी राउटर मेलेला सापडतो. फायबरची तार काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. पण राउटरचा अडॅप्टर शेवटी घरच्या प्लगातच असतो. त्याच रात्री, त्याच बोर्डावर लावलेला स्पीकरही जळाला असणार, हा अंदाज चुकीचा म्हणता येत नाही. पण ज्याचा दिवा लुकलुकतोय तो जळालेला नाही. जळालेल्या वस्तूचा दिवा लागतच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं की हा बिघाड नाही, हे एका नावाचं हरवणं आहे. आणि बहुतेक घरांत त्यावरचा उपाय स्पीकरला हात न लावता, नव्या राउटरवरच करायचा असतो. दुर्दैवाने सगळे सल्ले उलट्या टोकाने सुरू होतात: ‘स्पीकर रिसेट करा.’

स्पीकर नेमकं काय शोधत असतो?

पहिल्यांदा स्पीकर जोडताना आपण त्याला दोनच गोष्टी दिलेल्या असतात: वायफायचं नाव आणि पासवर्ड. राउटर कोणत्या कंपनीचा, तो कुठे लावलाय, नेट कोणाचं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लाइट आली की तो आजूबाजूची नावं ऐकतो, त्यात आपलं नाव सापडतं का पाहतो आणि सापडलं तर पासवर्डची खूण पटवतो. नवा राउटर आपलं कारखान्यातलं नाव घेऊन आला की स्पीकरच्या दृष्टीने ते शेजाऱ्याचं नेटवर्क. तो त्यात शिरत नाही आणि शिरूही नये.

इथे एक बारकावा आहे, जो माहीत असला की पुढचं सगळं सोपं होतं. आपल्याकडच्या बहुतेक घरांत वापरात असलेल्या डब्लूपीए-२ पद्धतीत पासवर्ड जसाच्या तसा कुलपात बसत नाही. पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र घेऊन, ४०९६ फेऱ्यांची गणिती घुसळण करून त्यातून किल्ली तयार होते. म्हणजे नाव ही केवळ पाटी नाही, ते किल्लीचाच भाग आहे. पासवर्ड तोच ठेवला आणि नाव बदललं, तर किल्ली वेगळी होते. नावात एक अक्षर मोठ्याचं लहान झालं किंवा शेवटी चुकून एक रिकामी जागा राहिली, तरी वेगळी होते. उलट नाव आणि पासवर्ड दोन्ही अक्षरशः तेच ठेवले, तर राउटर नवा असला तरी किल्ली जुनीच निघते. स्पीकरला राउटर बदलल्याचा पत्ताही लागत नाही.

अड्याळमधलं एक घर

एक उदाहरण धरून चालू. पवनी तालुक्यातलं, भंडारा-पवनी रस्त्यावरचं अड्याळ. (चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरीजवळची अड्याळ टेकडी ती वेगळी.) घरात निवृत्त गुरुजी आणि त्यांची बायको. मुलगा पुण्यात. गेल्या दिवाळीत मुलाने इको डॉट आणला, स्वतःच्या फोनमधून, स्वतःच्या खात्यावर तो जोडून दिला आणि चार दिवसांनी परत गेला. काकू त्यावर सकाळी भजनं लावतात, गुरुजी बातम्या ऐकतात, आणि गोळ्यांची आठवण लावायची असली की दोघंही त्यालाच सांगतात. ॲमेझॉनचे इको स्पीकर भारतात २०१७ मध्ये आले आणि २०१९ पासून अलेक्सा हिंदी बोलू लागली. अशा घरांत ते शिरले ते त्या हिंदीमुळेच, असं मला वाटतं.

जुन्या राउटरवर वायफायचं नाव होतं `Ghar_Adyal`, पासवर्ड `dhanpik2019`. नव्या डब्याच्या स्टिकरवर नाव आहे `FTTH-7C2A` आणि पासवर्ड कुठल्यातरी बारा अक्षरांचा. स्पीकरची रेघ नारिंगी फिरतेय.

आता नेहमीचा सल्ला लावून पाहा. ‘अलेक्साचं ॲप उघडा.’ ते ॲप या घरात कोणाच्याच फोनमध्ये नाही. गुरुजींनी ते उतरवून घेतलं आणि स्वतःचं खातं काढलं, तरी स्पीकर मुलाच्या खात्यावर नोंदलेला आहे. ॲप तेच सांगून थांबेल. मुलाच्या खात्याने शिरायचं तर पुण्याला फोन, तिथे आलेला ओटीपी इकडे सांगायचा, तोवर त्याची मुदत संपलेली. ‘मग रिसेट करा’ म्हटलं तर वायफायबरोबर बाकीची मांडणीही जाते आणि प्रश्न होता तिथेच राहतो, कारण पुन्हा जोडायला ॲप आणि खातं लागतंच. ज्याला जोडता येतं तो घरी नाही आणि जे घरी आहेत त्यांच्याकडे किल्ली नाही, हे या सगळ्या प्रकाराचं खरं दुखणं आहे. सल्ले लिहिणारे मात्र गृहीत धरतात की स्पीकर वापरणारा आणि जोडणारा माणूस एकच.

जुन्या नावाचा उपाय इथेच कामाला येतो. त्याला ना ॲप लागतं ना खातं. नव्या राउटरवर नाव `Ghar_Adyal` आणि पासवर्ड `dhanpik2019` ठेवा, एवढंच. गुरुजींचा फोन, टीव्ही, स्पीकर, कधीकाळी लावलेला वायफायचा प्लग, सगळे आपापले परत येतात.

जुना पासवर्ड आठवत नाही?

बहुतेकांना आठवत नाही, आणि त्यात गैर काही नाही. तो फोनमध्ये असतो. म्हणूनच राउटर बदलला की लगेच फोनमधून जुनं नेटवर्क पुसून टाकू नका. अँड्रॉइड १० किंवा पुढच्या फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये साठवलेल्या नेटवर्कची यादी असते, `Saved networks` किंवा `Manage networks` अशा नावाची. त्यात जुनं नाव दाबलं की `Share` येतं आणि क्यूआर कोड दिसतो. काही फोनमध्ये त्याखालीच पासवर्ड लिहिलेला असतो. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून वायफायच्या पानावर `Edit` दाबलं की जुनी नेटवर्क आणि त्यांचे पासवर्ड पाहता येतात.

आपल्या उदाहरणात गुरुजींच्या फोनमधून नेटवाल्याने जुनं नाव पुसलेलं आहे, असं समजा. तरी मार्ग बंद होत नाही. मुलाचा फोन दिवाळीत याच वायफायवर होता. पुण्यात बसून त्याच्या साठवलेल्या यादीत `Ghar_Adyal` अजून आहे. त्याने क्यूआर कोडचं चित्र व्हॉट्सॲपवर पाठवायचं. पासवर्ड लिहिलेला नसेल तर तो कोड नुसता मजकूर म्हणून वाचणाऱ्या कोणत्याही स्कॅनरने पाहायचा. आत साधारण असं निघतं:

```
WIFI:S:Ghar_Adyal;T:WPA;P:dhanpik2019;;
```

`S:` नंतरचं नाव, `P:` नंतरचा पासवर्ड. मोठी-लहान अक्षरं, अधोरेषा, अंक जसेच्या तसे उतरवून घ्या. हा कोड म्हणजे घराची किल्लीच आहे, तेव्हा तो कुटुंबाच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका, एकालाच पाठवा.

आधी पाच मिनिटांची परीक्षा

राउटरला हात लावण्याआधी स्पीकर खरंच धडधाकट आहे का हे तपासता येतं, आणि त्यासाठी दुसरा मोबाइल पुरतो. फोनच्या हॉटस्पॉटला तेच जुनं नाव आणि तोच पासवर्ड द्या. बँड निवडता येत असेल तर २.४ गिगाहर्ट्झ ठेवा. फोनचा डेटा चालू हवा. मग स्पीकरचा प्लग काढून दहा सेकंदांनी परत लावा. दोन-तीन मिनिटांत नारिंगी रेघ विझली आणि हाकेला उत्तर आलं, तर स्पीकर शाबूत आहे, पासवर्डही बरोबर आहे, आता राहिला फक्त राउटर. ही परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यानंतर कोणी ‘नवा घ्या’ म्हटलं तरी तुम्ही बधणार नाही.

दिव्याचा रंग मात्र नीट पाहा. नारिंगी फिरणारा म्हणजे नेटवर्क शोधतोय किंवा जोडणीच्या तयारीत आहे. पिवळा मंद लुकलुकणारा म्हणजे एखादी सूचना आली आहे, नेटशी त्याचा संबंध नाही. लाल स्थिर म्हणजे कोणीतरी माइक बंद केलाय, ते बटण पुन्हा दाबलं की झालं. ट्यूबलाइटच्या उजेडात पिवळा आणि नारिंगी यांत गल्लत होते, म्हणून खोलीत अंधार करून पाहिलेलं बरं. आणि लाइट नुकतीच आली असेल तर घाई करू नका. स्पीकर राउटरच्या आधी जागा होतो आणि काही मिनिटं उगाच शोधत बसतो.

राउटरवर नाव कसं बदलायचं

नव्या राउटरच्या वायफायला फोन जोडा, ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका. तो बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो. शिरायचं नाव आणि पासवर्डही अनेकदा स्टिकरवर असतात. हा पासवर्ड वायफायचा नव्हे, राउटरच्या आतल्या पानाचा. आत `WLAN` किंवा `Wireless` असा विभाग सापडेल. तिथे `SSID` च्या चौकटीत जुनं नाव, पासवर्डच्या चौकटीत जुना पासवर्ड, आणि साठवा. त्याच क्षणी तुमचा फोन तुटेल. घाबरू नका, फोनमध्ये जुनं नेटवर्क साठवलेलं असेल तर तो आपोआप परत येईल, नसेल तर जुनाच पासवर्ड टाकून जोडा.

हॉटस्पॉटवर स्पीकर चालला आणि राउटरवर चालत नाही, असं झालं तर दोन ठिकाणी पाहा. पहिलं, सुरक्षेचा प्रकार. काही नवे राउटर फक्त डब्लूपीए-३ वर लावलेले असतात आणि जुन्या उपकरणांना ती पद्धत येत नाही. त्यांना नाव दिसतं, पण आत जाता येत नाही. तिथे `WPA2-PSK` किंवा दोन्हींची मिश्र पद्धत निवडा. दुसरं, बँड. नव्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरी असतात. इको डॉट दोन्ही ऐकतो, पण स्वस्त वायफाय बल्ब आणि प्लग बहुतेक वेळा फक्त २.४ वरचे असतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरा, पण भिंतीतून कमी जातो. जुन्या घराच्या जाड भिंतीपलीकडे माजघरात ठेवलेल्या स्पीकरला २.४ च बरा. म्हणून जुनं नाव २.४ च्या बँडला नक्की द्या. ५ ला वेगळं नाव दिलं तरी चालतं.

काही कंपन्या आतलं पान ग्राहकाला उघडूच देत नाहीत. मग त्यांच्या ॲपमधून नाव बदलता येतं का पाहा, नाहीतर ग्राहक सेवेला फोन करून नाव-पासवर्ड सांगा. बऱ्याच कंपन्यांना तो बदल दुरूनही करता येतो. त्याहून सोपं म्हणजे नेटवाला दारातून बाहेर पडण्याआधीच त्याला सांगणं: ‘दादा, जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवून द्या.’ त्याचं दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या मते हे ग्राहकाला सांगावंच लागू नये. राउटर बदलून देण्याच्या कामाच्या यादीत ती एक ओळ कंपन्यांनीच घालायला हवी. वेग मोजून दाखवणं यादीत आहे, कारण तक्रार वेगाची येते. कपाटावरच्या स्पीकरची तक्रार नेट कंपनीकडे येतच नाही, ती पुण्याच्या मुलाकडे जाते.

स्पीकर बनवणाऱ्यांबद्दलही तक्रार आहेच. ज्या यंत्राचं कामच बोलणं, त्याने ‘मी `Ghar_Adyal` शोधतोय, ते दिसत नाही’ एवढं हिंदीत म्हटलं असतं, तर निम्म्या घरांतला गोंधळ तिथेच संपला असता. नाव त्याच्या पोटात साठवलेलं असतं, ते बोलून दाखवायला नेट लागायचं कारण नाही.

जुना पासवर्ड ठेवणं सुरक्षित आहे का?

हा रास्त आक्षेप आहे. आपल्याकडे वायफायचा पासवर्ड म्हणून घरमालकाचा मोबाइल नंबर ठेवायची पद्धत आहे आणि तो नंबर सगळ्या गल्लीला पाठ असतो. तसं असेल किंवा जुना पासवर्ड फार जणांकडे पोहोचला असेल, तर राउटर बदलणं ही तो बदलायची चांगली वेळ आहे, आणि मग प्रत्येक वस्तू नव्याने जोडायची तयारी ठेवावी. मधला रस्ताही आहे. अनेक राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं. त्याला जुनं नाव-पासवर्ड द्या, स्पीकर तिथे राहू द्या, फोन आणि लॅपटॉप नव्या पासवर्डच्या मुख्य नेटवर्कवर ठेवा. इकोचं बरंचसं काम इंटरनेटमार्गे चालतं, त्याला हे चालतं. गूगलच्या स्पीकरवर फोनमधून थेट गाणं पाठवायचं असेल तर मात्र फोन आणि स्पीकर एकाच नेटवर्कवर लागतात, तिथे हा रस्ता तोकडा पडतो. शिवाय गल्लीला माहीत असलेला पासवर्ड पाहुण्यांच्या नेटवर्कवर ठेवला, तरी गल्ली तुमचा डेटा वापरणारच.

नवं नावच ठेवायचं असेल तर

तेव्हा ॲप आणि खातं असलेला माणूस घरी हवा. अलेक्सा ॲपमध्ये `Devices` मध्ये तो स्पीकर उघडा, त्याच्या सेटिंगमध्ये `Wi-Fi Network` समोर `Change` दाबा. मग स्पीकरवरचं ठिपक्याचं बटण दाबून धरा. साधारण पंधरा सेकंदांत रेघ नारिंगी होते. झाली की बोट उचला. हे महत्त्वाचं आहे, कारण इको डॉटच्या अलीकडच्या पिढ्यांत तेच बटण वीस-पंचवीस सेकंद धरलं की पूर्ण रिसेट होतो. जोडणी आणि रिसेट यांत फरक फक्त काही सेकंदांचा, ही रचना कोणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे.

या पायरीला अडकणाऱ्यांची चूक बहुधा स्पीकरमध्ये नसते, फोनमध्ये असते. जोडणीच्या वेळी स्पीकर स्वतःचं एक छोटं वायफाय काढतो, `Amazon-` ने सुरू होणारं, आणि फोनला काही क्षण त्यावर जावं लागतं. त्या वायफायला इंटरनेट नसतं, म्हणून हुशार अँड्रॉइड फोन ते सोडून परत मोबाइल डेटावर पळतो आणि ॲप ‘सापडत नाही’ म्हणत बसतं. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करा, आणि ब्लूटूथ व लोकेशन चालू ठेवा. आजूबाजूची वायफाय पाहायला अँड्रॉइडला लोकेशनची परवानगी लागते, त्याला इलाज नाही.

गूगलचे होम आणि नेस्ट स्पीकर २०१८ पासून आपल्याकडे आहेत, आणि त्यांचं गणित जरा अवघड आहे. जुनं नेटवर्क विसरायला सांगायचं तर `Google Home` ॲपला स्पीकर ऑनलाइन दिसावा लागतो. जुना राउटरच गेला की ते शक्य नसतं आणि रिसेटच उरतो: नेस्ट मिनीचं कडेचं माइकचं बटण बंद करून वरच्या मधल्या भागावर बोट दाबून धरायचं, पाच सेकंदांनी प्रक्रिया सुरू होते, आणखी दहाएक सेकंदांनी आवाज येईपर्यंत सोडायचं नाही. नंतर पहिल्या दिवसासारखी सगळी जोडणी. तेव्हा हा स्पीकर घरात असेल तर जुन्या नावाचा उपाय करून बघितल्याशिवाय रिसेटकडे जाऊच नका.

अड्याळच्या घरात एवढं काही करावं लागत नाही. मुलगा पुण्याहून कोड पाठवतो, गुरुजी राउटरच्या पानावर नाव-पासवर्ड घालतात, २.४ चा बँड आणि `WPA2-PSK` आहे ना ते बघतात, आणि स्पीकरचा प्लग एकदा काढून लावतात. रेघ निळी फिरते, मग नारिंगी होते, मग विझते. ते नाव आणि पासवर्ड आता राउटरच्या मागे कागदावर लिहून चिकटवलं, तर पुढचा राउटर जळेल तेव्हा पुण्याला फोन करायचीही गरज पडणार नाही.